टॉर्शनल पेंड्युलमचं उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं? जर्नलवर लाल शेरा आला आहे

कृष्णाकाठ
नमस्कार. मी एफवायबीएस्सीला आहे. टॉर्शनल पेंड्युलमचा प्रयोग केला: पितळी तारेला जड चकती टांगायची, पीळ देऊन सोडायची, आवर्तकाल मोजायचा आणि तारेचा दृढता गुणांक काढायचा. सूत्र हे:

η = 8πIL / (T² r⁴), I = ½MR²

माझी मापं: चकतीचं वस्तुमान १.४८२ किग्रॅ (काट्याचा लीस्ट काउंट १ ग्रॅम), चकतीचा परीघ दोरा गुंडाळून ६२.४ सेंमी, तारेची लांबी ६०.३ सेंमी, १० आंदोलनांना सरासरी ८६.४ सेकंद, तारेचा व्यास स्क्रू गेजने ०.९४ मिमी.

कॅल्क्युलेटरवर ३.०४०६४६६ × १०¹⁰ न्यूटन प्रति चौ. मी. आलं आणि मी ते जसंच्या तसं लिहिलं. सरांनी शेवटच्या पाच अंकांवर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "हे कुठून आले? एरर कॅल्क्युलेशन?" विचारायला गेले तेव्हा ते दुसऱ्या बॅचच्या प्रॅक्टिकलमध्ये होते.

शिवाय लॅबमधल्या चार्टवर पितळेसाठी ३.५ × १०¹⁰ लिहिलं आहे. माझं उत्तर त्याच्या जवळपास नाही, त्याचीही धास्ती आहे. शुक्रवारी जर्नल सर्टिफाय करून घ्यायचं आहे. उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं आणि ते ठरवायचं कसं, कुणी नीट सांगेल का?

बारावी_बोर्ड
सोपं आहे. गुणाकार-भागाकारात ज्या मापाला सगळ्यात कमी सार्थ अंक, तेवढेच उत्तराला. तुझ्या मापांत सगळ्यात कमी अंक व्यासाला आहेत, ०.९४ म्हणजे दोन. दशांशचिन्हाआधीचं शून्य मोजायचं नाही. म्हणून उत्तर ३.० × १०¹⁰. मी अकरावी-बारावीचे क्लास घेतो, आमच्याकडे हा प्रश्न दर वर्षी असतो. सूत्रातले ८, π आणि ½ यांचा विचार करायचा नाही, ते मोजलेले आकडे नाहीत.

निळी_शाई
हे ५ टक्के पातळीवर सिग्निफिकंट आहे का, ते बघितलं का? आमच्याकडे मानसशास्त्रात पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी असेल तरच निष्कर्ष लिहू देतात. तीन रीडिंगवर काही सिद्ध होणार नाही, निदान तीस हवीत.

कृष्णाकाठ
@निळी_शाई, मला वाटतं तुम्ही म्हणता ते सिग्निफिकन्स वेगळं. इथे एकाच राशीचं माप किती अंकांपर्यंत भरवशाचं आहे एवढाच प्रश्न आहे. दोन गटांची तुलना नाही.

@बारावी_बोर्ड, धन्यवाद सर. पण मग सरांनी "एरर कॅल्क्युलेशन" का लिहिलं? अंक मोजून काम होत असेल तर ते कशाला?

लंबक
तुझा हा दुसरा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकलं घेतली आहेत.

अंक मोजण्याचा नियम ही एक झटपट अटकळ आहे. घाईत उपयोगी पडते, पण ती कुठे फसते ते तुझ्याच प्रयोगात दिसतं. समज, तुला थोडी जाड तार मिळाली असती आणि व्यास १.०२ मिमी आला असता. गेज तोच, हात तोच, चूकही तेवढीच, शंभरांश मिमीची. पण १.०२ला सार्थ अंक तीन. म्हणजे नियम म्हणणार की आता उत्तर ३.०४ असं तीन अंकी लिही. तार किंचित जाड झाली म्हणून उत्तर दहापट भरवशाचं कसं होईल? शिवाय सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे, आणि अंक मोजणाऱ्या नियमाला घाताचा पत्ताच नसतो.

म्हणून प्रत्येक मापाला विचारायचं, तू किती टक्के इकडेतिकडे असू शकतोस? आणि सूत्रात त्याला जो घात आहे त्याने त्या टक्क्यांना गुणायचं. तुझी मापं घेऊन बघू.

वस्तुमान: १४८२ ग्रॅममध्ये १ ग्रॅम, म्हणजे ०.०७ टक्के. विसरून जा.
लांबी: ६०३ मिमीत १ मिमी, ०.१७ टक्के. वरच्या आणि खालच्या चकमधली तारच तेवढी मोजलीस असं धरतो.
परीघ: ६२४ मिमीत १ मिमी, ०.१६ टक्के. R चा वर्ग आहे, म्हणून ०.३२.
वेळ: घड्याळ शंभरांश सेकंद दाखवत असेल, पण बोट तेवढं चपळ नसतं. चालू-बंद करताना मिळून ०.२ सेकंद धर. ८६.४ मध्ये ०.२ म्हणजे ०.२३ टक्के, T चा वर्ग म्हणून ०.४६.
व्यास: ०.९४ मध्ये ०.०१, म्हणजे १.०६ टक्के. चौथा घात, म्हणून ४.२६ टक्के.

आता हे पाच आकडे शेजारी ठेवून बघ. चार जण पाव-अर्ध्या टक्क्याच्या आत आणि एकटा व्यास सव्वाचार टक्के. ही मापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, सगळी एकाच वेळी एकाच दिशेला चुकण्याचा संभव कमी, म्हणून त्यांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. येतात ४.३ टक्के. म्हणजे जवळजवळ सगळी अनिश्चितता त्या एका तारेच्या जाडीतून आली आहे.

३.०४चे ४.३ टक्के म्हणजे ०.१३. दशांशचिन्हानंतरचा पहिलाच अंक जिथे एकाने हलतो आहे, तिथे सातव्या अंकाला काही अर्थ नाही. तुझ्या सरांची लाल रेघ तेवढंच सांगते.

सह्यवारा
मी एमएस्सी करतोय. लंबक सरांशी बहुतांश सहमत, पण दोन ठिकाणी जास्त धरलं आहे असं वाटतं.

एक, स्वतंत्र चुका वर्ग करून मिळवायच्या असतात हे सरांनीच सांगितलं. मग d⁴ म्हणजे d × d × d × d. चार वेळा १.०६ टक्के वर्ग करून मिळवले की √४, म्हणजे दुप्पट होते, चौपट नाही. २.१ टक्के.

दोन, व्यासाची रीडिंग अनेक घेतली असतील तर सरासरीची चूक ०.०१ पेक्षा कमीच असणार. प्रमाण विचलन भागिले √n.

लंबक
दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, त्याकडे येऊ. पहिला मात्र चूक आहे, आणि ही चूक खूप जण करतात.

वर्ग करून मिळवताना आपण काय गृहीत धरतो? एक माप जास्त आलं तेव्हा दुसरं कमी आलेलं असू शकतं, म्हणून काही चुका आपसात फिटतात. चार वेगळ्या तारांचे चार वेगळे व्यास गुणले असते तर तुझं म्हणणं बरोबर होतं. इथे तार एक आणि व्यासही एक. तो शंभरांशाने जास्त मोजला गेला असेल तर चारही ठिकाणी जास्तच बसणार. फिटायला दुसरं कुणी नाही.

पटत नसेल तर डेरिव्हेटिव्ह बाजूला ठेव आणि कॅल्क्युलेटर घे. व्यासाच्या जागी ०.९४ ऐवजी ०.९५ घाल, बाकी काही बदलू नको. उत्तर ३.०४ वरून २.९१ वर येतं. सव्वाचार टक्क्यांच्या आसपास घसरण, दोनची नाही. सूत्र कितीही किचकट असलं तरी ही परीक्षा घेता येते: एकेक माप त्याच्या चुकीएवढं हलवायचं आणि उत्तर किती हललं ते बघायचं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी हेच करायला लावत असे.

सह्यवारा
०.९५ घालून पाहिलं, चौपटच येते. पहिला मुद्दा मागे घेतो. T² आणि R² ला दोनने गुणायचं तेही याच कारणाने, हे आता लक्षात आलं. इतके दिवस सूत्र पाठ होतं, म्हणून लावत होतो.

कृष्णाकाठ
खूप आभार सर. म्हणजे मी (३.०४ ± ०.१३) × १०¹⁰ लिहू?

आणि आमच्या बॅचमधला एकजण म्हणतो की १० ऐवजी ५० आंदोलनं घेतलीस तर एरर एकदम कमी होईल. उद्या लॅब मोकळी आहे, घेऊ का?

लंबक
पन्नास आंदोलनं म्हणजे एका वेळेला सात मिनिटांहून जास्त एकटक बघत बसायचं, आणि मिळणार काय? वेळेची चूक पूर्ण शून्य झाली असं धरलं तरी ४.३० टक्क्यांचे ४.२७ होतील. तुझा वेळ त्या तारेच्या जाडीवर घालव. लंबकाने g काढताना गोष्ट वेगळी असते, तिथे वेळ हाच मोठा भागीदार असू शकतो. इथे नाही.

आता ३.०४ ± ०.१३ बद्दल. हे लिहिण्याआधी थांब. चार्टवरचा आकडा ३.५. फरक ०.४६, तुझ्या अनिश्चिततेच्या साडेतीन पट. पितळ हा मिश्रधातू आहे, तांब्या-जस्ताचं प्रमाण बदललं की गुणांकही थोडा बदलतो, तेव्हा चार्टशी अगदी जुळलं पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण पितळेचे छापील आकडे साधारण ३.५ ते ४ च्या दरम्यान असतात, आणि तू खाली, बरीच बाहेर आहेस. अशा वेळी हिशेबात न धरलेली एखादी चूक कुठेतरी बसलेली असते, आणि ती सरासरीने जात नाही. जिथे चौथा घात तिथे आधी शोधायचं. व्यासाचा तक्ता जसा लिहिला आहेस तसा इथे टाक.

कृष्णाकाठ
जर्नलमधून उतरवते:

लीस्ट काउंट ०.०१ मिमी. झिरो करेक्शन +०.०२ मिमी.
रीडिंग (मिमी): ०.९२, ०.९३, ०.९२, ०.९१, ०.९२, ०.९२
सरासरी ०.९२, दुरुस्त व्यास ०.९४

माडाचीसावली
मी गोव्यात एका कॉलेजच्या लॅबमध्ये सहायक आहे, शिकवत नाही, पण गेज रोज हातात असतात. बाय, तू झिरो एरर आणि झिरो करेक्शन यांत गल्लत केली आहेस असं दिसतंय. जबडे बंद केल्यावर गेज +०.०२ दाखवत होता ना? मग तो प्रत्येक माप ०.०२ जास्तच दाखवणार. ते वजा करायचे, मिळवायचे नाहीत. एरर प्लस तर करेक्शन मायनस.

आठवून बघ, जबडे मिटल्यावर गोल पट्टीवरचा शून्य आडव्या रेघेच्या खाली होता की वर? खाली राहिला तर एरर प्लस. रेघ ओलांडून वर गेला तर मायनस.

आणखी एक. रॅचेट फिरवून टक-टक आवाज येईपर्यंतच आवळायचं. मुलं थिंबल धरून पिळतात, पितळी तार मऊ असते, दबते. पुढे तो गेजही बिघडतो.

कृष्णाकाठ
आठवतं त्याप्रमाणे दुसरी रेघ आडव्या रेघेवर होती आणि शून्य खाली होता. म्हणजे एरर प्लस. मी "+०.०२" पाहिलं आणि सरळ मिळवलं.

मग व्यास ०.९० आणि उत्तर ३.६२ × १०¹⁰. चार्टच्या जवळ आलं! पण आता वेगळीच काळजी वाटते. उत्तर जुळतं म्हणून मी आठवण वळवून घेत नाही ना? डब्यात चार गेज आहेत, सगळे सारखेच दिसतात, त्या दिवशी कुठला घेतला ते मला सांगता येणार नाही.

लंबक
ही काळजी अगदी योग्य आहे. चार्टचा आकडा शंका घ्यायला वापरायचा. चिन्ह ठरवायला वापरलास तर तू मोजलंस असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या वाटेने पडताळा हवा. चारही गेज बंद करून बघितलेस आणि एकाचाच +०.०२ निघाला तर प्रश्न मिटला. नाहीतर आणखी काही शोधावं लागेल.

मोजपट्टी
दुसरी वाट आहे. मी पुण्याजवळ कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे मायक्रोमीटर येतात, ते आम्ही २० अंश सेल्सिअसला स्लिप गेजवर तपासतो. एकदा एका कारखान्याकडून आलेला मायक्रोमीटर असाच निघाला. शून्य सरकलेला, आणि त्यांच्या नोंदवहीत दुरुस्ती उलट्या चिन्हाने. प्रत्येक माप दुप्पट चुकलेलं, आणि सगळी मापं एकमेकांशी इतकी छान जुळत होती की कुणाला संशय आला नाही. तुझ्या तक्त्यातही तेच दिसतं. सहा रीडिंग ०.०१ च्या आत आहेत, म्हणून तू निश्चिंत राहिलीस.

तुझ्यासाठी सोपा पडताळा: त्याच रिळातला तारेचा तुकडा मिळाला तर तो वजन कर. लांबी आणि वस्तुमान माहीत असलं की घनतेवरून जाडी निघते. ०.९० आणि ०.९४ मध्ये क्षेत्रफळाचा फरक ९ टक्के आहे. केमिस्ट्रीच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तो स्पष्ट दिसेल. स्क्रू गेजचा त्यात काही संबंधच येत नाही.

कृष्णाकाठ
आज दुपारी केलं. लॅबमधल्या काकांनी त्याच रिळाचा उरलेला तुकडा काढून दिला. सरळ करून मोजला तर ७१.५ सेंमी, वस्तुमान ३.८३ ग्रॅम. पितळेची घनता ८.५ ग्रॅम प्रति घन सेंमी धरली तर व्यास ०.८९६ मिमी येतो!

चारही गेज बघितले. दोन बरोबर शून्यावर, एक +०.०२, एक −०.०१. म्हणजे माझा तो +०.०२ वालाच असणार.

बारावी_बोर्ड
मग सरळ ०.८९६ च का वापरू नये? तीन सार्थ अंक मिळाले. वस्तुमान तीन अंकी, लांबी तीन अंकी. स्क्रू गेजपेक्षा चांगलं माप झालं. उत्तरही तीन अंकी लिहिता येईल.

लंबक
सर, घनतेचं काय? ८.५ हा आकडा तिने मोजलेला नाही, पुस्तकातला आहे. पितळेची घनता मिश्रणाप्रमाणे साधारण ८.४ ते ८.७ असते. ८.४ धरली तर व्यास ०.९०१ येतो, ८.७ धरली तर ०.८८५. म्हणजे काटा कितीही बारीक असला तरी या वाटेने व्यास ०.०१६ मिमीच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. जवळजवळ स्क्रू गेजएवढीच अनिश्चितता, फक्त वेगळ्या कारणाने आलेली. ३.८३ चे तीन अंक बघून तिकडे लक्ष जात नाही.

पण तिचा प्रश्न वेगळा होता: ०.९० की ०.९४? त्या पट्ट्यात ०.९० बसतं, ०.९४ कुठल्याच घनतेला बसत नाही. दुरुस्ती न करता घेतलेलं ०.९२ सुद्धा बसत नाही. एवढ्या निर्णयाला हे माप पुरेसं आहे.

घनताही स्वतः मोजली, तार पाण्यात बुडवून वजन केलं, तर ही वाट गेजपेक्षा चांगली होऊ शकेल. पण अर्धा घन सेंमीहून कमी आकारमानाची तार आहे, पाण्यातलं वजन फक्त ०.४५ ग्रॅमने घटणार आणि काटा ०.०१ ग्रॅमचा. दोन टक्के तिथेच गेले. बुडबुडे चिकटले तर आणखी. मिलिग्रॅमचा काटा असेल तरच हात घाल.

सह्यवारा
आता माझा दुसरा मुद्दा. सहा रीडिंगचं प्रमाण विचलन ०.००६३, भागिले √६ म्हणजे ०.००२६ मिमी. ०.९० च्या मानाने ०.३ टक्के, चौपट करून १.२. मग ±४.४ का धरायचे?

मोजपट्टी
कारण ०.००२६ ही फक्त विखुरण्यातून आलेली चूक आहे. गेज शंभरांशापेक्षा बारीक दाखवतच नाही, आणि शून्याचं रीडिंगही त्याच गेजने घेतलं आहे, ते शंभर वेळा घेतलं तरी तितकंच जाडंभरडं राहतं. आम्ही हे असं मांडतो: रीडिंग अर्ध्या भागाएवढं, ०.००५, दोन्हीकडे कुठेही असू शकतं, म्हणून ०.००५ भागिले √३, म्हणजे ०.००२९. हे एकदा मापाचं, एकदा शून्याचं. त्यात विखुरणं ०.००२६. तिघांचे वर्ग मिळवून ०.००४८ मिमी. टक्क्यांत ०.५३, चौपट २.१.

म्हणजे आमच्या पद्धतीने ३.६२ ± ०.०८, आणि सोबत लिहायचं की ही प्रमाण अनिश्चितता आहे. ९५ टक्के भरवशाने सांगायचं तर तिची दुप्पट, ±०.१६. १९९३ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेपासून आम्ही असंच लिहितो.

लंबक
तुमची पद्धत जास्त काटेकोर आहे. मात्र आमच्या कॉलेजच्या प्रयोगवहीत अजून "कमाल चूक" काढायला सांगतात: पूर्ण लीस्ट काउंट घ्यायचा आणि टक्क्यांची सरळ बेरीज करायची, वर्गमुळं नाहीत. व्यास ०.९० साठी ४.४४, त्यात ०.४६, ०.३२, ०.१७, ०.०७ मिळवले की ५.५ टक्के, म्हणजे ±०.२०. वर्ग करून मिळवलं तर ४.५ टक्के, ±०.१६. एकाच आकडेवारीला ०.०८, ०.१६ आणि ०.२० अशा तीन अनिश्चितता. तिन्ही बरोबर आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. कुठली वापरली ते लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

मुली, तुझ्या सरांची पद्धत कुठली ते वहीच्या पहिल्या पानांवर असेल, बघ.

कृष्णाकाठ
बघितलं, कमाल चूकच आहे, सरळ बेरीज. म्हणजे ±०.२०. मग मी ३.६२ ± ०.२० लिहायचं, की ३.६ ± ०.२?

लंबक
३.६ ± ०.२. चूक जिथे पहिल्यांदा दिसते त्या स्थानावर उत्तर तोडायचं. फक्त शेवटच्या ओळीत तोड. आकडेमोड करताना कॅल्क्युलेटरमधलं काही पुसू नको. मधेच T² ला ७५ केलंस किंवा परिघावरून त्रिज्या ९.९ घेतलीस तर गोलाकरणाचीच नवी चूक शिरते. दोन अंक जादा ठेवून चालायचं.

मोजपट्टी
शेवटच्या ओळीबद्दल माझं मत थोडं वेगळं. चूक ०.२० असेल तर ०.२ लिहिल्याने काही बिघडत नाही. पण वर्गमुळाने आलेली ०.१६ असती आणि ती ०.२ केली असती, तर अनिश्चितता एका फटक्यात पाव पटीने वाढली असती. पहिला अंक १ असेल तिथे मी दोन अंक ठेवते, ३.६२ ± ०.१६. आमच्या प्रमाणपत्रांवर जास्तीत जास्त दोन अंक चालतात.

लंबक
पहिला अंक १ असताना दोन अंक, हे मलाही मान्य. मात्र पदवीच्या परीक्षेत काही परीक्षक त्यावर खूण करतात, तेव्हा कारण तोंडी सांगता आलं पाहिजे.

बारावी_बोर्ड
म्हणजे शेवटी दोनच सार्थ अंक आले, मी पहिल्या दिवशी सांगितले तेवढेच.

लंबक
अंक दोन आले, हो. पण ३.० आले असते, ३.६ नाही. तुमच्या नियमाने ०.९४ तपासलं नसतं.

माडाचीसावली
एक विचारू? सहाही रीडिंग तू तारेच्या एकाच बाजूने घेतलीस का? आमच्याकडच्या तारा मुलांनी वाकवून वाकवून चपट्या झाल्या आहेत. एका जागी गेज लावून मग तो काटकोनात फिरवून परत बघायचं, आम्ही दर जागेला दोन रीडिंग लिहायला लावतो.

कृष्णाकाठ
नाही, एकाच बाजूने. उद्या सकाळी शून्यावरचा गेज घेऊन सहा जागी दोन-दोन रीडिंग घेते आणि तक्ता इथे टाकते. जुना तक्ता जर्नलमध्ये तसाच ठेवून त्यावर एक रेघ मारली आणि बाजूला "शून्य दुरुस्तीचं चिन्ह चुकलं" असं लिहिलं तर चालेल ना? खाडाखोड करायची नाही असं सरांनी सांगितलं आहे.

लंबक
चालेल. एकच रेघ, आकडे वाचता येतील अशी, आणि शेजारी तारीख. वजनाने केलेला पडताळाही त्याच पानावर लिही, लांबी, वस्तुमान आणि धरलेली घनता या तिन्हीसकट.